चार हजारांचे तीन हजार कसे होतात?

नेदरलँड्समध्ये नोकरी लागली की करारावर एक आकडा असतो आणि पहिल्या महिन्याच्या शेवटी बँकेत पडतो तो दुसराच. करारात ४,००० युरो आणि खात्यात ३,१०० च्या आसपास, असं पाहिल्यावर आधी मनात येतं की कुठेतरी घोळ झाला आहे. आइंडहोव्हन, आम्सटलफेन, हेग या भागांत आयटीत काम करणारी आणि विद्यापीठांत शिकणारी आपली मंडळी हाच प्रश्न एकमेकांना विचारत असतात. उत्तर त्या महिन्याच्या पगारपत्रकातच असतं. ते कंपनीच्या पोर्टलवर पीडीएफ म्हणून येतं, संपूर्ण डच भाषेत, आणि बहुतेक जण शेवटची ओळ पाहून खिडकी बंद करतात.

सुरुवात आकडे वाचण्यापासूनच करावी लागते. डच पद्धतीत हजारांनंतर टिंब येतं आणि सेंटांच्या आधी स्वल्पविराम. म्हणजे 4.000,00 हे चार हजार युरो. आपल्याकडच्या सवयीने पाहिलं तर ते चार वाटतात. ऑनलाइन अर्जात पगार भरताना हीच गल्लत नडते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्राजक्ता आइंडहोव्हनच्या एका कंपनीत काम करते. महिन्याचा ढोबळ पगार ४,००० युरो, वर्ष २०२५. तिच्या पत्रकात वरच्या बाजूला Brutoloon अशी ओळ आहे, म्हणजे ढोबळ पगार. त्याखाली Pensioenpremie, वजा २००. हा कंपनीच्या पेन्शन योजनेतला तिचा हिस्सा. ही रक्कम कर मोजण्याआधी वजा होते, म्हणून कर चार हजारांवर न लागता ३,८०० वर लागतो. पत्रकात हा आकडा Loon voor loonheffing किंवा Fiscaal loon अशा नावाने येतो. पगार समजून घ्यायचा असेल तर याच आकड्यावर बोट ठेवून पुढे जावं, कारण पुढची सगळी आकडेमोड त्याच्यावर उभी आहे.

त्यानंतर येते सगळ्यात मोठी वजावट: Loonheffing. बहुतेक जण तिला आयकर म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. २०२५ मध्ये वर्षाला ३८,४४१ युरोपर्यंतच्या उत्पन्नावर ३५.८२ टक्के कापले जात होते. त्यातले तब्बल २७.६५ टक्के हा राष्ट्रीय विम्याचा हप्ता आहे आणि शुद्ध कर फक्त ८.१७ टक्के. या हप्त्यात मोठा वाटा एओडब्ल्यूचा, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचा. उरलेला बहुतांश भाग दीर्घकालीन शुश्रूषेसाठीच्या विम्याचा. नेदरलँड्समध्ये राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे या पेन्शनचे २ टक्के हक्कात जमा होतात. सहा वर्षं राहून भारतात परतणाऱ्याच्या नावावर १२ टक्के हक्क जमलेला असतो. पहिल्या टप्प्यात कापल्या जाणाऱ्या पैशांतला मोठा भाग म्हणजे विम्याचा हप्ता आहे, हे कळलं की त्या ओळीकडे पाहण्याची नजर बदलते.

३८,४४१ च्या वर ३७.४८ टक्के आणि ७६,८१७ च्या वर ४९.५ टक्के, असे त्या वर्षीचे पुढचे टप्पे होते. प्राजक्ताचे ३,८०० युरो वर्षाला ४५,६०० होतात. नुसते टक्के लावले तर तिचे महिन्याला सुमारे १,३७१ युरो कापले जायला हवेत. पत्रकात मात्र ७५३ च्या जवळपास कपात दिसते. मधले ६१८ युरो वाचले ते एका छोट्या नोंदीमुळे.

ती नोंद पत्रकाच्या कोपऱ्यात, पत्ता आणि कर्मचारी क्रमांकाजवळ असते: Loonheffingskorting: ja. ही करसवलत आहे. तिचे मुख्य भाग दोन: प्रत्येकाला मिळणारी सर्वसाधारण सवलत आणि नोकरी करणाऱ्याला मिळणारी कामाची सवलत. कंपनी ती दर महिन्याच्या कपातीतच वळती करते, पण तुम्ही रुजू होताना भरलेल्या अर्जात हो म्हटलं असेल तरच. तिथे Nee दिसत असेल आणि तुमची नोकरी एकच असेल, तर दर महिन्याला काही शे युरो उगाच जास्त कापले जात आहेत. पगार विभागाला तसं कळवलं की पुढच्या महिन्यापासून दुरुस्ती होते; आधीचे पैसे वार्षिक विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात.

उलटी चूक जास्त महागात पडते. ही सवलत एका वेळी एकाच मालकाकडे घ्यायची असते. आठवड्याचे दोन दिवस सुपरमार्केटमध्ये आणि शनिवार-रविवार एखाद्या हॉटेलात काम करणारा विद्यार्थी दोन्हीकडे हो लिहितो, कारण अर्जावर तोच पर्याय सोयीचा वाटतो. दोन्ही पत्रकांवर करकपात जवळजवळ शून्य दिसते आणि तो खूश होतो. मिळकत थोडी असेल तर वर्षअखेरीस फारसं बिघडत नाही, पण दोन्ही मिळकती मिळून मोठी रक्कम झाली की पुढच्या वर्षी कर खात्याचा निळा लिफाफा येतो आणि एकदम वसुली निघते. त्यात कर खात्याने अन्याय केलेला नसतो. सवलत दोनदा मिळालेली असते, ती एकदाच मिळायला हवी होती.

प्राजक्ताच्या पत्रकाकडे परत येऊ. ४,००० वजा २०० वजा ७५३, म्हणजे ३,०४७. त्याखाली प्रवासखर्चाची ओळ आहे, अधिक ९२. घर ते ऑफिस जाऊन-येऊन २० किलोमीटर, महिन्याला २० दिवस आणि किलोमीटरला २३ सेंट. या दरापर्यंतचा प्रवासखर्च करमुक्त असतो, म्हणून तो कराच्या हिशेबानंतर जोडला जातो. शेवटी Netto, आणि बँकेत जातात ३,१३९. हा आकडा स्वतः एकदा तरी कॅल्क्युलेटरवर काढून पाहावा. कर मोजण्याच्या सरकारी तक्त्यांतल्या पूर्णांकांमुळे एखाद-दोन युरोंचा फरक पडतो, त्याहून जास्त पडला तर विचारायला हवं.

मे महिना आला की नवीनच गोंधळ उडतो. डच कायद्यानुसार ढोबळ पगाराच्या किमान ८ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, Vakantiegeld, आणि तो बहुतेक ठिकाणी मे किंवा जूनमध्ये एकदम दिला जातो. प्राजक्ताचा भत्ता ३,८४० युरो होतो. हातात येतात जेमतेम १,९०० च्या वर. निम्मे गेले! ही तक्रार दर वर्षी ऐकू येते, आणि सुट्टीच्या पैशांवर जास्तीचा कर असतो असा समज पक्का होतो. तसं नाही. महिन्याचा कर मोजताना तिचं वर्षाचं उत्पन्न ४५,६०० आहे असं धरलं होतं आणि सवलतही त्याच हिशेबाने दिली होती. या दोन्ही सवलती उत्पन्न वाढलं की घटत जातात. तिच्या उत्पन्नाला वरच्या प्रत्येक युरोवर ३७.४८ टक्के दर लागतोच, शिवाय सर्वसाधारण सवलत सुमारे ६.३ टक्क्यांनी आणि कामाची सवलत साडेसहा टक्क्यांनी कमी होते. बेरीज ५० च्या थोडी वर जाते. म्हणून बोनस, भत्ता, न घेतलेल्या रजेचे पैसे अशा एकदम मिळणाऱ्या रकमांवर वेगळा दर लावतात, Bijzonder tarief. पत्रकात अशा ओळींसमोर बहुधा BT लिहिलेलं असतं. वर्षभराचा हिशेब मांडला तर प्राजक्ताच्या बाबतीत ही कपात बरोबरच आहे.

ती चुकते कुठे, तर जिथे वर्ष पूर्ण नसतं. ऑगस्टमध्ये भारतातून आलेल्या माणसाचा महिन्याचा कर तो बारा महिने तेवढंच कमावणार आहे असं धरून मोजला जातो. त्याची त्या वर्षीची डच कमाई मात्र पाच महिन्यांचीच असते. स्थलांतराच्या वर्षासाठी वेगळं विवरणपत्र असतं, त्याला एम-फॉर्म म्हणतात; ते भरल्यावर बऱ्याचदा चांगली रक्कम परत मिळते. कित्येक जण ते किचकट म्हणून टाळतात. टाळू नये.

बाहेरून बोलावून घेतलेल्या तज्ज्ञांना मिळणारी ३० टक्क्यांची सवलत असेल तर पत्रक वेगळं दिसतं. ६,००० युरो पगारातले १,८०० करमुक्त भत्ता म्हणून एका ओळीत निघतात आणि कर उरलेल्या ४,२०० वर लागतो. त्यासाठी रुजू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज करावा लागतो, तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते. मंजुरी येईपर्यंत पूर्ण कर कापला जातो आणि नंतरच्या एखाद्या महिन्यात मागचा फरक TWK या अक्षरांखाली येतो. ही अक्षरं पूर्वलक्षी दुरुस्तीची. पगारवाढ उशिरा नोंदली तरी तीच दिसतात. या सवलतीची एक बाजू फारसं कोणी सांगत नाही: बेकारी भत्ता कापपात्र पगारावर ठरतो, म्हणजे नोकरी गेली तर हिशेब ४,२०० चा होतो, ६,००० चा नाही. शिवाय २०२४ पासून ज्यांना ती नव्याने लागू झाली, त्यांच्यासाठी २०२७ पासून ३० चे २७ टक्के होणार आहेत.

एका ओळीबद्दल मात्र बजावून सांगायला हवं. पत्रकात Zvw ही अक्षरं दिसतात आणि त्यांचा संबंध आरोग्य विम्याशी आहे. ती रक्कम बहुतेक नोकरदारांच्या बाबतीत कंपनी स्वतःच्या खिशातून भरते; तुमच्या पगारातून ती वजा झालेली नसते, नुसती माहिती म्हणून छापलेली असते. ती पाहून आपला आरोग्य विमा झाला असं समजणारे नवखे बरेच असतात. झालेला नसतो. नेदरलँड्समध्ये आल्यापासून चार महिन्यांच्या आत विमा कंपनीकडून मूळ विमा स्वतः घ्यावा लागतो. त्याचा हप्ता दर महिन्याला बँकेतून वेगळा जातो, आणि विमा उशिरा घेतला तरी हप्ता मागच्या तारखेपासूनच भरावा लागतो. म्हणून हातात येणाऱ्या पगाराचा अंदाज बांधताना ही रक्कम मनातल्या मनात आधीच वजा करून ठेवा.

बहुतेक पत्रकांत शेवटी Cumulatief नावाचा रकाना असतो, म्हणजे जानेवारीपासूनची बेरीज. डिसेंबरच्या पत्रकातली ही बेरीज आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला मिळणारं वार्षिक पत्रक, Jaaropgaaf, जुळायला हवं. १ मेपर्यंत भरायच्या विवरणपत्रात हेच आकडे जातात. जास्त गेलेला कर मागच्या पाच वर्षांपर्यंत परत मागता येतो, पण आकडे हाताशी असतील तरच. नोकरी सोडली की कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड बंद होतो आणि जुनी पत्रकं आतच राहतात. म्हणून राजीनामा दिला की शेवटच्या दिवसाची वाट न पाहता प्रत्येक महिन्याची पीडीएफ उतरवून घ्या, आणि अंतिम हिशेबाचं पत्रक तुमच्या खासगी ईमेलवर पाठवायला पगार विभागाला आधीच सांगून ठेवा.