निरोपाचे चार शब्द

धारच्या एका कचेरीतील नावडत्या साहेबांचे निरोपपत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मंडळींच्या मसुद्यात ‘मनमिळाऊ’, ‘पितृतुल्य’ अशी विशेषणे होती. ती वाचताच सभेत हशा पिकला असता आणि साहेबांस तो उपहास वाटला असता. म्हणून आम्ही विशेषणे गाळून सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेले तेवढेच लिहिले : ‘आपण रोज दहाच्या ठोक्यास हजर राहिलात. आपल्या मेजावर कागद अडला नाही. आपली शिस्त आम्हांस जड गेली, हेही खरे. आपणांस उदंड आरोग्य लाभो.’ ‘आपली उणीव भासेल’ हे मात्र लिहिले नाही. असा एकही गुण न सापडल्यास सेवेची वर्षे आणि शुभेच्छा पुरेत. साहेबांच्या कुटुंबीयांसमोर वाचताना संकोच वाटेल, ते वाक्य खोडावे.