घट्ट दह्याचे गणित

इंदूरच्या थंडीत आमच्या घरी दही कधी पातळ, तर कधी आंबट होई आणि दोष विरजणाला दिला जाई. अखेर मी प्रयोगशाळेतील तापमापक स्वयंपाकघरात आणला. ज्वरमापक 42 अंशांच्या आसपासच थांबतो, म्हणून तो येथे निरुपयोगी.

म्हशीचे दीड लिटर दूध उकळून पाच मिनिटे मंद आचेवर ठेवले. या उष्णतेने दुधातील निवळीची प्रथिने केसीनला चिकटतात व दह्यास घट्टपणा येतो. मग अर्ध्या लिटरचे तीन भाग केले. पहिल्यात 60 अंशांवर एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, विरजण घातले. बहुतेक जीवाणू मेले व सकाळीही दूध पातळच होते. दुसऱ्यात 43 अंशांवर चार चमचे घातले. दही लवकर लागले, पण सकाळपर्यंत आंबून पाणी सुटले. तिसऱ्यात 43 अंशांवरच एक चमचा घोटून मिसळला आणि भांडे गोधडीत गुंडाळले. सात तासांत सुरीने कापावे असे दही लागले; ते लगेच शीतकपाटात ठेवले.

तात्पर्य, विरजण शेकडा एक. उन्हाळ्यात मी त्याच्या निम्मेच घेतो. तापमापक नसल्यास स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवावी. दहा अंक मोजेपर्यंत ती सुखाने टिकली, की विरजावे.