तीनशे झाडं, बाराशे ड्रीपर

सांगोल्याच्या माळावर डाळिंबाची नवी बाग धरायची म्हटली की खड्डे खणण्याआधीच दुकानदार विचारतो, "नळी किती मीटर द्यायची?" "एकरभर" हे त्याचं उत्तर नव्हे. नळी लागते ती ओळींच्या लांबीइतकी.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस आहे साडेचार बाय तीन मीटरची, म्हणजे दोन ओळींत साडेचार मीटर आणि ओळीतल्या दोन झाडांत तीन मीटर. समजा, रान 60 मीटर लांब आणि साडेसदुसष्ट मीटर रुंद, म्हणजे साधारण एक एकर आहे. साडेसदुसष्टला साडेचारने भागलं की ओळी निघतात 15. बांधापासून दीड मीटर सोडून पहिलं झाड लावलं, तर 60 मीटरच्या ओळीत 20 झाडं बसतात. एकूण झाडं 300. मात्र पहिलं झाड अगदी ओळीच्या तोंडाशी आणि शेवटचं टोकाला लावलं, तर तेवढ्याच ओळीत 21 झाडं होतात. 15 ओळींत 15 रोपं कमी पडतात ती अशी.

ओळीला एकच नळी टाकली तर 15 गुणिले 60, म्हणजे 900 मीटर नळी लागते. खोडाच्या दोन्ही बाजूंनी टाकली तर 1800. उन्हाने नळी तापून लांबते आणि रात्री आखडते, म्हणून ती ताणून न बसवता थोडी सैल सोडतात. त्यासाठी शेकडा पाच मीटर जास्त घेतलेले बरे.

झाडाला तासाला चार लिटरचे चार ड्रीपर धरले, तर बागेला 1200 ड्रीपर लागतात. मग पाण्याचा हिशेब समोर येतो: सगळे एकदम चालवायचे तर तासाला 4800 लिटर पाणी हवं. बोअर 2400 लिटरच देत असेल, तर व्हॉल्व्ह बसवून बागेचे दोन भाग करावे लागतात आणि पाळीपाळीने भिजवावे लागतात.

ओळ 120 मीटरची असेल तर एका टोकाकडून नळी सोडू नये. लांबी दुप्पट झाली की ड्रीपरही दुप्पट होतात, आणि घर्षणाने वाया जाणारा दाब सुमारे सातपट होतो. सबमेन रानाच्या मधोमध घेतली की दोन्हीकडे साठ-साठ मीटरच उरतात. नळी तेवढीच लागते, पण शेवटच्या झाडापर्यंत पाणी नीट पोचतं.

हे पोचलं की नाही, ते सहा मिनिटांत कळतं. पहिल्या आणि शेवटच्या झाडाच्या ड्रीपरखाली एकेक डबा ठेवावा. चार लिटरच्या ड्रीपरने तेवढ्या वेळात 400 मिलिलिटर पाणी द्यायला हवं. पहिला डबा बरोबर आणि शेवटचा 360च्या खाली असेल, तर आधी टोकाची एंड कॅप काढून नळी धुवावी. तरीही पाणी वाढलं नाही, तर दोष मांडणीत आहे.