कार्डावरचं अक्षर

न्हावा शेवा बंदरात चीनहून एक कंटेनर उतरतो. आत पॅकिंग मशीनचे सुटे भाग आहेत आणि सोबत साध्या पोलादी बोल्टची खोकी. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर सगळ्यालाच ‘मशीन पार्ट्स’ म्हटलं आहे. क्लिअरिंगच्या ऑफिसात नुकताच लागलेला बी.कॉम. मुलगा तेच शब्द संगणकावर उतरवतो आणि बोल्टनाही मशीनच्या भागांचा कोड लावतो. चूक होते ती इथेच.

आयात मालाच्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी कोड असतो आणि शुल्काचा दर त्या कोडवरून ठरतो. पॅकिंग मशीन आणि तिचे भाग 84व्या प्रकरणात येतात. पण बोल्ट, नट, स्क्रू ही सर्वसाधारण वापराची वस्तू. ती कुठल्याही मशीनसाठी आणली तरी मशीनचा भाग धरली जात नाही. पोलादी बोल्टची जागा 7318 खाली. हे लिहिलेलं असतं शुल्कसूचीच्या विभागाच्या सुरुवातीला, बारीक टाइपातल्या टिपांमध्ये. नवी मुलं त्या टिपा वाचत नाहीत, थेट दराच्या रकान्यावर जातात.

फरक किती पडतो? दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून नुसतं हिशेबासाठी धरू की मशीनच्या भागांवर मूळ शुल्क 7.5 टक्के आहे आणि बोल्टवर 15. बोल्टची किंमत 10 लाख रुपये. पहिल्या दराने मूळ शुल्क 75,000 आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार 7,500, म्हणजे 82,500 रुपये. दुसऱ्या दराने हाच आकडा 1,65,000 होतो. वरचा आयजीएसटी बहुतेक व्यापाऱ्यांना परत वळता करून घेता येतो. ही रक्कम मात्र खिशातून जाते. कस्टम्सने चूक पकडली तर फरक, व्याज आणि दंड भरावा लागतो. तोवर कंटेनर अडकून पडतो, फ्री डेज संपतात आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन रोज चढत राहतं.

म्हणूनच बिल ऑफ एंट्री दाखल करण्याआधी चेकलिस्ट काढून आयातदाराकडे मंजुरीला पाठवतात. माझ्या मते या धंद्यात माणूस घडतो तो त्या चेकलिस्टवर. बोल्टचा कॅटलॉग मागवायचा, फोटो बघायचा, ‘हा नेमका कशाला वापरता?’ असं आयातदाराला फोन करून विचारायचं, मग कोड ठरवायचा.

पूर्वी या कामाचा मोठा भाग धावपळीचा होता. फाइल घेऊन टेबलाटेबलाला उभं राहायचं, शिक्के मिळवायचे. 2020 पासून फेसलेस पद्धत आली. न्हावा शेवाच्या मालाचं मूल्यांकन दुसऱ्या शहरातला अधिकारी करतो आणि शंका संगणकावर विचारतो. अधिकारी समोर नसल्यामुळे ओळखीचा उपयोग राहिलेला नाही; चार ओळींत, आधार देऊन लिहिलेलं उत्तरच चालतं. पदवीधराला संधी आहे ती इथे. माल तपासणीला आणि डिलिव्हरी ऑर्डरला माणूस अजून लागतो, पण नुसत्या धावपळीच्या नोकरीत पाच वर्षांनी तुम्ही तिथेच असता.

वाढ मोजायला या धंद्यात एक सोपी खूण आहे : कार्डावरचं अक्षर. कस्टम्स ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला आधी एच कार्ड मिळतं. त्यावर मदतनीस म्हणून काम करता येतं, कागदांवर सही करता येत नाही. विभागीय परीक्षा पास झालात की जी कार्ड आणि सहीचा अधिकार. जी कार्डावर दोन वर्षं काढलेला पदवीधर ब्रोकर परवान्याच्या परीक्षेला बसू शकतो. ती लेखी आणि तोंडी असते, आणि अवघड असते. ती पास झालेल्याचं एफ कार्ड. अशी सरकारी पायरी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये नाही. तिथे तुमच्या शब्दावर माल देणारे ग्राहक किती, यावर पगार ठरतो. भिवंडीच्या गोदामात नियोजनाचं काम करणाऱ्याची वाढ कंपनीच्या आकारावर बरीच अवलंबून असते.

सहीसोबत जबाबदारीही येते. ग्राहकाला दिलेली माहिती बरोबर आहे याची खातरजमा करणं नियमाने ब्रोकरवर बंधनकारक आहे, आणि त्यात कसूर झाली तर परवाना निलंबित होऊ शकतो. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून सही केली’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तेव्हा मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा. माझं कार्ड कधी काढणार? चेकलिस्ट किती महिन्यांनी हातात देणार? आणि इथल्या किती जणांनी जी कार्ड काढलं? तिसऱ्या प्रश्नाला मालक थोडा थांबला आणि विषय ‘ओव्हरटाइम चांगला मिळतो’ यावर नेला, तर त्या ऑफिसात तुमच्या हाती फाइलच राहणार आहे.