ऑक्सिमीटर 98 दाखवतोय, पण खरं दाखवतोय का?

मैत्रिणींनो, गेल्या हिवाळ्यात अकोले तालुक्यातल्या आपल्या एका गटात घडलेली गोष्ट आधी सांगते. एका ताईंच्या सासूबाईंना चार दिवस खोकला आणि बारीक ताप होता. घरात कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर होता. ताई रोज सकाळ-संध्याकाळ तो सासूबाईंच्या बोटाला लावायच्या आणि दर वेळी 98 यायचे. "ऑक्सिजन तर चांगला आहे," म्हणून घरचे निश्चिंत राहिले. पाचव्या दिवशी सासूबाई दोन पावलं चालल्या तरी धापा टाकायला लागल्या. आशाताईंनी येऊन आपला ऑक्सिमीटर लावला, तर 88. लगेच 108 ला फोन केला. निमोनिया निघाला. सासूबाई बऱ्या झाल्या, पण डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र घरी काढली असती तर अवघड होतं.

घरी परत आल्यावर ताईंनी तो जुना ऑक्सिमीटर मुलाच्या पेनाला लावून पाहिला. त्याने पेनाचाही ऑक्सिजन 97 आणि नाडी 74 दाखवली!

हे यंत्र आपल्या घरात कसं आलं ते आठवा. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. पथकं दारोदार येऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायची. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मागणी इतकी वाढली की मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने लोकांनी ऑक्सिमीटर घेतले. त्यात चांगले होते तसे नुसतं आकडे खेळवणारे डबेही होते. तेच आज आपल्या फडताळात पडून आहेत.

आता नीट समजून घ्या, कारण गंमत इथेच आहे. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा उजेड सोडतो. एक लाल, तो आपल्याला दिसतो. दुसरा डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन भरलेलं रक्त एक उजेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं रक्त दुसरा. या दोन्हींच्या प्रमाणावरून यंत्र आकडा काढतं. कोणत्या प्रमाणाला कोणता आकडा दाखवायचा, हे चांगली कंपनी आधी माणसांवर चाचणी करून ठरवते. निरोगी माणसांचा ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम कमी करतात आणि रक्ताच्या तपासणीशी आकडा जुळवून बघतात. हा खर्च स्वस्तातल्या यंत्राने केलेला नसतो.

म्हणून दुकानात उभं राहून स्वतःच्या बोटाला लावलं, 98 आले आणि "बरोबर आहे" म्हटलं, तर त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही धडधाकट आहात, तुमचे 98 येणारच. बनावट यंत्रसुद्धा 98 दाखवतं. चूक उघडी पडते ती माणूस आजारी पडून ऑक्सिजन खरोखर खाली गेल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

मग घरच्या घरी काय तपासता येतं? पहिली पेनाची तपासणी. पेन किंवा पेन्सिल आत धरली तर खऱ्या यंत्राने आकडा देऊ नये, नुसत्या रेघा दाखवाव्यात किंवा बंद व्हावं. हात हलला तर चांगल्या यंत्रावरही क्षणभर एखादा आकडा चमकू शकतो, तो सोडून द्या. पण पेनावर 97 येऊन ठाण मांडून बसला, तर ते यंत्र बाद.

दुसरी तपासणी नाडीची, आणि ती जास्त उपयोगी आहे. ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात. SpO2 म्हणजे ऑक्सिजन, आणि PR म्हणजे मिनिटाला नाडीचे ठोके. यंत्र बोटाला लावा, दुसऱ्या हाताच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मग जिना दोन-तीनदा चढून-उतरून या आणि परत मोजा. (हे धडधाकट बाईनेच करायचं, आजाऱ्याने नाही.) तुमची नाडी 76 वरून 104 ला गेली आणि यंत्र अजून 75 वरच बसलंय, तर ते नाडी मोजतच नाही, आकडे बनवतंय. चार-पाच ठोक्यांचा फरक चालतो. मात्र नाडी जुळली म्हणजे ऑक्सिजनचा आकडाही बरोबर, असं नाही. नाडी मोजणं सोपं असतं, ऑक्सिजन मोजणं अवघड.

त्या गटाने पुढच्या बैठकीत सगळ्यांना घरचे ऑक्सिमीटर आणायला सांगितले. पाच जमले. एक पेनाला बोलला, तो सासूबाईंचा. एकाची नाडी जिना चढूनही हलली नाही. एकात जुने सेल फुटून गंज चढला होता, तो चालूच झाला नाही. उरलेले दोन आशाताईंच्या यंत्राशी जुळले, पण सगळ्या बायका निरोगी होत्या, म्हणून आशाताईंनी सांगितलं, "हे दोन वापरा, पण घरात कोणी आजारी पडलं की पहिल्याच दिवशी माझ्या यंत्राशी एकदा जुळवून घ्या."

नवीन घ्यायचा तर खोक्यावर काय वाचायचं ते बघू. आपल्या देशात आता ऑक्सिमीटर आणि डिजिटल थर्मामीटर दोन्ही औषधासारखे सरकारी परवान्याखाली येतात. भारतात बनवलेल्या वस्तूवर MFG/MD ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, बाहेरून आणलेलीवर IMP/MD ने सुरू होणारा. सोबत कंपनीचं नाव, पूर्ण पत्ता, मॉडेल क्रमांक, एमआरपी आणि तक्रारीचा फोन हवा. यातलं काही नसेल, किंवा खोक्यावर "खेळाडूंसाठी", "वैद्यकीय वापरासाठी नाही" असं बारीक अक्षरात असेल, तर परत ठेवून द्या. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या अ‍ॅपच्या तर नादीच लागू नका.

ब्रँडचं म्हणाल तर थर्मामीटरमध्ये हिक्स आणि ओमरॉन, ऑक्सिमीटरमध्ये बीपीएल, डॉ. ट्रस्ट ही नावं मेडिकलमध्ये सहज मिळतात आणि कंपनीला विचारता येतं. पण नुसत्या नावावर जाऊ नका. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सहा स्वस्त ऑक्सिमीटर माणसांवर तपासले, तो अहवाल 2016 साली छापून आला. सहापैकी दोनच कसोटीला उतरले. त्यातही एकाच कंपनीचं एक मॉडेल पास आणि दुसरं नापास! म्हणून मॉडेल क्रमांक बघायचा, आपल्या आरोग्य केंद्रात कोणतं मॉडेल वापरतात ते विचारायचं, आणि पक्कं बिल घ्यायचं. आठवडे बाजारात किंवा दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बिल नसतं आणि पुढच्या आठवड्यात तो विक्रेताही नसतो. भावाचं म्हणाल, तर 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने या दोन्ही वस्तूंवरच्या नफ्याला मर्यादा घातली होती. आजही एमआरपीवर एक रुपयाही जास्त देऊ नका.

चांगल्या ऑक्सिमीटरलाही मर्यादा असतात. खोक्यावर ±2 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ यंत्रावर 92 आले तर खरा ऑक्सिजन बहुतेक वेळा 90 ते 94 च्या मध्ये असतो, कधी त्याच्याही बाहेर. म्हणून एका आकड्यापेक्षा उतरंड बघा. रोज 97 असणारीचे आज 93 झाले, तर ते महत्त्वाचं. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हेही अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून 2020 मध्ये पुढे आलं. नेलपॉलिश आणि गडद काळी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. हात गार असतील तर चोळून गरम करा, पाच मिनिटं बसून राहा, यंत्र लावल्यावर मिनिटभर हलू नका आणि आकडा स्थिरावला की मगच लिहा.

आणखी दोन गोष्टी आपल्या बायांसाठी खास. अंगात रक्त कमी असलं तरी ऑक्सिमीटर 99 दाखवतो, कारण आहे तेवढ्या रक्तात ऑक्सिजन भरलाय का एवढंच तो बघतो, रक्त किती आहे ते नाही. हिमोग्लोबिनची तपासणी वेगळीच करावी लागते. आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणी गुदमरलं, तर त्या विषारी धुरालाही हे यंत्र ऑक्सिजनच समजतं. तिथे आकडा बघत बसू नका, आधी माणसाला बाहेर मोकळ्या हवेत काढा.

थर्मामीटरचं मात्र बरं आहे, तो घरी खरोखर तपासता येतो. गटातल्या तीन-चार जणींनी आपापले डिजिटल थर्मामीटर आणा. तांब्यात कोमट पाणी घ्या, हात घातला तर नुसतं ऊबदार लागावं. पाणी ढवळा, सगळ्यांची फक्त टोकं एकदमच बुडवा आणि बीप वाजला की पाण्यातच वाचा. चांगल्या थर्मामीटरच्या खोक्यावर ±0.2 अंश फॅरनहाइट लिहिलेलं असतं. एक थोडा वर, एक थोडा खाली धरला, तर दोघांत 0.4 चा फरक चालून जातो. तिघे 101.2, 101.4, 101.3 दाखवतायत आणि चौथा 99.8, तर चौथ्याचा सेल बदलून पुन्हा बघा. तरी तसाच, तर तो टाकून द्या. बर्फाच्या पाण्यात तपासू नका, तिथे तो फक्त Lo दाखवतो. उकळत्या पाण्यात घातला तर खराब होतो.

कपाळावर धरायचं पिस्तूल घरासाठी घेऊ नये असं माझं मत आहे. त्यात अंगाचं आणि वस्तूचं असे दोन प्रकार असतात. चुकून वस्तूवर राहिलं तर तापलेलं पोरही गार दिसतं. उन्हातून आलेल्याचं, घाम आलेल्याचं कपाळ वेगळाच आकडा देतं. आणि खोक्यावर उणे 50 ते 380 अंश लिहिलेलं पिस्तूल तर यंत्रं तपासायचं असतं, माणसं नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा साधा डिजिटल पुरे. चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबून जिभेखाली लावा. लहान लेकराला काखेत, घाम पुसून, हात घट्ट दाबून. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणून वहीत लिहिताना "काखेत" असंही लिहा. पाऱ्याचा जुना असेल तर लेकरांपासून दूर ठेवा. फुटला तर पारा हाताने गोळा करू नका.

ऑक्सिजन 95 च्या वर असेल तर ठीक. नीट दोनदा लावूनही 94 किंवा कमी आले तर त्याच दिवशी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. 90 च्या आसपास किंवा खाली, तर सरळ 108. आणि माणसाला धाप लागतेय, ओठ निळे पडलेत, बोलताना दम लागतोय, आणि यंत्र 98 दाखवतंय, तर माणसाकडे बघा आणि निघा.

पुढच्या बैठकीला घरचं यंत्र, एक पेन आणि सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ घेऊन या. वापरत नसलेल्या यंत्रातले सेल काढून ठेवायला आजच सुरुवात करा.