भिंतीतला सॉकेट: ए की बी?

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. सॉकेटच्या खाचांत पंच टूलने त्या दाबून बसवताना ए आणि बी पद्धतींत फरक एवढाच, की नारिंगी आणि हिरव्या जोड्यांच्या जागा बदलतात. वेग दोन्हींचा सारखाच. बिघाड होतो तो एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लागल्यावर. टेस्टरवर १ चा दिवा पलीकडे ३ वर, २ चा ६ वर दिसतो. आजची बरीच उपकरणे हा उलटफेर स्वतःच सावरतात, म्हणून चूक वर्षानुवर्षे लपते; जुने यंत्र जोडले की लिंक लागत नाही. म्हणून जुन्या इमारतीत नवा सॉकेट बसवण्याआधी एक जुना उघडावा. १ आणि २ क्रमांकांच्या पिनांना नारिंगी जोडी असेल तर बी, हिरवी असेल तर ए. तीच पद्धत सगळीकडे ठेवावी.