‘ॲक्सेस द्या’ म्हणजे नेमकं काय द्या?

नोकरीला नवीन लागलेला माणूस पहिल्या आठवड्यात आयटीला एक मेल हमखास टाकतो: ‘अकाउंट्सचा फोल्डर उघडत नाही, ॲक्सेस द्यावा.’ तिकडून प्रश्न येतो, कोणता फोल्डर? हा सांगतो, झेड ड्राइव्हमधला. आणि गाडी तिथेच अडते. झेड हे अक्षर त्या-त्या संगणकापुरतं असतं. शेजारच्या टेबलावर त्याच अक्षरामागे भलताच फोल्डर जोडलेला असू शकतो. आयटीला हवा असतो सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता. ज्या सहकाऱ्याकडे तो फोल्डर उघडतो, त्याच्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये `net use` टाइप केलं की कोणत्या अक्षरामागे कोणता पत्ता आहे ते दिसतं.

समजा, जीएसटीची विवरणपत्रं आणि विक्रीवही यांचा ताळमेळ घालायचं काम तुमच्याकडे आलंय. मग मेल असा जावा:

```
\\fs01\Accounts\GST\2024-25
या फोल्डरचा फक्त वाचण्यापुरता ॲक्सेस हवा आहे.
काम: विवरणपत्रं व विक्रीवही यांचा ताळमेळ.
मुदत: ३० सप्टेंबरपर्यंत.
मंजुरी: अकाउंट्स प्रमुख (सीसीमध्ये आहेत).
```

कामाची ओळ शोभेची नाही. ताळमेळ घालायला फाइल वाचता आली की भागतं. बदलण्याचा अधिकार कशाला? कारण वाचूनच मंजुरी देणारा हे ठरवतो. ‘सविताताईंना आहे तसाच मलाही द्या’ ही मागणी तर सर्वांत घातक. सविताताई आधी पगार विभागात असतील आणि तिथला अधिकार कुणी काढून घेतला नसेल, तर सगळ्यांच्या पगाराच्या फाइली तुमच्याही हाती येतील.

मंजुरी कुणाची, यावरही घोळ होतो. किल्ल्या रखवालदाराकडे असल्या तरी घर त्याचं नसतं, तसं आयटीचं आहे. आपल्या साहेबांचा होकारही बऱ्याचदा पुरत नाही. फोल्डरमधली माहिती ज्या विभागाची, त्याच्या प्रमुखाचा लागतो. तो कोण हे ठाऊक नसेल तर मेल टाकण्याआधी विचारून घ्यावं.

मुदत लिहायला लोक कचरतात, पुन्हा मागावं लागेल म्हणून. पण तारीख दिसली की मंजुरी देणाराही फारसे आढेवेढे घेत नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी ती तारीख उलटली म्हणून अधिकार आपोआप जात नाही, कुणाला तरी तो काढावा लागतो. काम आधी संपलं तर आपणच कळवावं.

आणि मंजुरी येऊनही फोल्डर उघडला नाही, तर लगेच तक्रार करू नका. असा अधिकार बहुधा एखाद्या गटात नाव घालून दिला जातो आणि तुम्ही कोणकोणत्या गटांत आहात हे विंडोज लॉग-इनच्या वेळी पाहतं. एकदा लॉग-आउट करून पुन्हा आत या.